बावीस कॅरेटला चोविसाचा भाव? आधी बिल वाचा

लग्नसराई आली की गारगोटीच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘डाग बावीस कॅरेटचा देतात आणि पैसे चोवीसचे घेतात.’ सांगणारा बिलाचा शेवटचा आकडा दाखवतो. वरच्या ओळी मात्र कोणी वाचत नाही!

चोवीस कॅरेट म्हणजे चोख सोनं. व्यवहारात ९९९, म्हणजे हजारात ९९९ भाग. बावीस कॅरेटमध्ये चोवीस भागांपैकी बावीस भाग सोनं, उरलेले दोन तांबं-चांदी वगैरे. म्हणूनच शिक्का ९१६चा. ही फसवणूक नव्हे. चोख सोनं मऊ असतं. त्याच्या पाटल्या रोजच्या वापरात वाकतील, फासे सैल होतील.

आता पैशांचं बघू. हिशेब सोपा जावा म्हणून चोवीस कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला १,२०,००० रुपये धरा. त्याचे २२/२४ म्हणजे १,१०,०००. दहा ग्रॅमच्या तुशीत सोन्याचे एवढेच. त्यावर दहा टक्के घडणावळ ११,०००, आणि दोन्हींवर तीन टक्के जीएसटी ३,६३०. झाले १,२४,६३०, हॉलमार्किंगचे थोडे पैसे वेगळे. आकडा चोविसाच्या भावापुढे गेला, पण तो मजुरीनं आणि करानं. चोविसाचा भाव खरोखरच लावला असता, तर हीच तुशी १,३५,९६० रुपयांना पडली असती. तेव्हा भांडायचं असेल, तर दराच्या ओळीवर बोट ठेवून भांडा. मोड देताना पैसे कमी येतात तेही बहुतेक याचमुळे: घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत.

‘९१६चा शिक्का आहे, म्हणजे सगळं वजन सोन्याचं’: नाही. शिक्का शुद्धता सांगतो, वजन नाही. कोल्हापुरी साजाच्या पानांत आणि मण्यांत लाख भरतात. बिलात निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या.

‘लालसर सोनं जास्त शुद्ध’: उलट, लाली तांब्याची असते.

‘शिक्का कोणीही मारतो’: म्हणून तर पडताळा घ्यायचा. २०२३च्या १ एप्रिलपासून हॉलमार्कच्या दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 22K916 यांसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. सोनाराकडून भिंग मागा, तो क्रमांक BIS Care ॲपच्या Verify HUID मध्ये टाका आणि दिसणारी शुद्धता व दागिन्याचा प्रकार हातातल्या डागाशी जुळवा.

शुद्धता कमी निघाली, तर बीआयएसच्या २०१८च्या नियमांनुसार कमी भरलेल्या सोन्याच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. पण त्यासाठी पक्कं बिल लागतं, आणि जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर डाग घेणारे नेमके तेच सोडून येतात.