पिशवीचं ऑपरेशन आणि विम्याची तीन घड्याळं

आजचा विषय आम्ही मुद्दाम लहान ठेवलाय. गर्भाशयातल्या गाठी म्हणजे फायब्रॉइड, त्यासाठी होणारं गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन, आणि त्याचा खर्च आरोग्य विमा कधी देतो, कधी देत नाही, एवढंच आज बघायचंय. क्लेम नाकारल्याचं पत्र हातात घेऊन येणाऱ्या बायकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं. "आम्ही तर खास बायकांसाठीची पॉलिसी घेतली होती." म्हणून सुरुवात तिथूनच करू.

'महिलांसाठी खास' या नावाखाली बाजारात दोन वेगळ्या जातीच्या योजना मिळतात. पहिल्या जातीत यादीतला आजार झाला की ठरलेली रक्कम एकदम हातात मिळते. या यादीत स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, बीजकोशाचा कर्करोग असे मोठे आजार असतात. फायब्रॉइड ही कर्करोगाची गाठ नाही. त्यामुळे अशा यादीत ती सहसा नसते आणि पिशवी काढली तरी या पॉलिसीतून काही मिळत नाही. दुसऱ्या जातीत हॉस्पिटलचं बिल भरून मिळतं, नेहमीच्या मेडिक्लेमसारखंच. त्यात प्रसूती, तपासण्या, लसी असे काही जादा फायदे जोडलेले असतात. फायब्रॉइडच्या ऑपरेशनचा खर्च मिळायचा असेल तर तो या दुसऱ्या जातीतून. मात्र मुखपृष्ठावर 'स्त्रीरोगांचं संरक्षण' असं छापलेलं असलं तरी ते संरक्षण कोणत्या तारखेपासून सुरू होतं, हे आत लिहिलेलं असतं. तिथे तीन घड्याळं चालू असतात.

पहिलं घड्याळ साधं आहे. पॉलिसी घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून कोणत्याही आजाराचा खर्च मिळत नाही.

दुसरं घड्याळ आपल्या विषयाचं. पॉलिसीच्या कागदात `Excl02` हा कोड शोधा. विमा नियामकाने हे कलम सगळ्या कंपन्यांसाठी एका भाषेत ठरवून दिलंय, त्यामुळे कोड सगळीकडे तोच. त्याखाली आजारांची आणि ऑपरेशनांची यादी असते: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, आणि त्यातच हिस्टरेक्टमी. या यादीसाठी बहुतेक पॉलिसींत २४ महिने थांबावं लागतं. आत्ताच्या नियमाप्रमाणे हा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो. असं का, तर ही ऑपरेशनं बहुतेक वेळा ठरवून करता येतात. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितल्यावर पॉलिसी घ्यायची, ऑपरेशन करून घ्यायचं आणि पुढच्या वर्षी हप्ता बंद करायचा, असं सगळ्यांनी केलं तर विमा चालणार नाही, हा कंपन्यांचा हिशोब.

इथे दोन गैरसमज होतात. पहिला असा, की गाठ पॉलिसी घेतल्यानंतर झाली म्हणजे थांबावं लागणार नाही. तसं नाही. आजार नंतर झाला तरी यादीतल्या ऑपरेशनला हे महिने पूर्ण करावेच लागतात, असं कलमातच लिहिलेलं आहे. दुसरा असा, की पिशवी न काढता फक्त गाठ काढली तर चालेल. पण त्याच यादीत बहुधा 'सर्व प्रकारच्या साध्या गाठी, सिस्ट, पॉलिप' अशीही ओळ असते, आणि फायब्रॉइड त्यात बसतो. एवढंच नाही, फायब्रॉइडच्या रक्तस्रावामुळे हिमोग्लोबिन खाली गेलं आणि रक्त चढवायला ॲडमिट व्हावं लागलं, तरी कंपनी 'यादीतल्या आजाराशी संबंधित खर्च' म्हणून तोही नाकारू शकते. बऱ्याच पॉलिसींत या अटीला कर्करोगाचा अपवाद असतो. म्हणून ऑपरेशननंतर पिशवीचा जो पॅथॉलॉजी रिपोर्ट येतो, तो क्लेमच्या फाइलमध्ये लावायला विसरू नका.

तिसरं घड्याळ आधीपासून असलेल्या आजाराचं. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलं असेल, किंवा सल्ला वा उपचार दिला असेल, तर तो आजार 'आधीचा' ठरतो. त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं. आता फायब्रॉइड दोन्ही घड्याळांत सापडला तर? जे घड्याळ जास्त चालतं, ते लागू. दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात, त्यांची बेरीज होत नाही.

आता एक उदाहरण तारखांसकट करू. समजा एका ४२ वर्षांच्या शिक्षिकेने १ जुलै २०२२ रोजी ३ लाखांची पॉलिसी घेतली. हिस्टरेक्टमीला २४ महिने, आधीच्या आजाराला ३६ महिने, आणि खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. मार्च २०२३ मध्ये पाळीत फार रक्तस्राव होतो म्हणून सोनोग्राफी झाली आणि पहिल्यांदा फायब्रॉइड दिसला. म्हणजे आधीचा आजार नाही. दुसरं घड्याळ ३० जून २०२४ ला संपलं. नूतनीकरण करताना बाईंनी विचार केला, ऑपरेशन होणारच आहे, रक्कम वाढवून घेऊ. जुलै २०२४ पासून विमा १० लाखांचा झाला. ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. १० लाखांच्या हिशोबाने १०,००० पर्यंतची खोली बसते, असं धरून त्यांनी ५,००० ची खोली घेतली.

बिल असं आलं. चार दिवसांची खोली २०,०००. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,१०,०००. औषधं आणि तपासण्या ४०,०००. एकूण १,७०,०००.

कंपनीने दिले १,१८,०००. घरी सगळ्यांना वाटलं, फसवलं. पण हिशोब बघा. वाढवलेल्या ७ लाखांसाठी यादीचं घड्याळ वाढवल्या तारखेपासून नव्याने सुरू होतं, हेही त्याच `Excl02` मध्ये आहे. म्हणजे या ऑपरेशनपुरती त्यांची पॉलिसी अजून ३ लाखांचीच होती, आणि खोली ३,००० ची. खोलीचे मिळाले १२,०००. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर खोलीशी जोडलेले बाकीचे आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. ३,००० भागिले ५,००० म्हणजे ६० टक्के, म्हणून १,१०,००० चे झाले ६६,०००. औषधं आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, त्यामुळे ते ४०,००० पूर्ण मिळाले. ५२,००० रुपये खिशातून गेले. मर्यादेतली खोली घेतली असती तर ही कपातच झाली नसती. ॲडमिट होण्याआधी कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारायचा होता: या ऑपरेशनसाठी माझी लागू विमा रक्कम किती आणि खोलीची मर्यादा किती?

आता याच उदाहरणात एकच तारीख बदलू. सोनोग्राफी फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे पॉलिसीच्या आधी झाली असती तर? फॉर्ममध्ये खरं सांगितलं असतं तर ३६ महिने, म्हणजे ३० जून २०२५ पर्यंत थांबावं लागलं असतं. सांगितलं नसतं तर प्रकरण थांबण्यावर भागलं नसतं. माहिती लपवली म्हणून क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर माहिती लपवल्याचं कारण कंपनीला सहसा काढता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. पण एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तरी सही तुमची असते, हे लक्षात ठेवा.

या तिसऱ्या घड्याळावर एक वाद वारंवार होतो. ॲडमिट करताना ज्युनिअर डॉक्टर विचारतात, त्रास कधीपासून? बाई म्हणते, "झाली तीनेक वर्षं." केसपेपरवर तीन वर्षं लिहिलं जातं आणि कंपनी म्हणते, आजार पॉलिसीच्या आधीचा. पण आत्ताच्या व्याख्येत नुसता त्रास असणं पुरत नाही, निदान, डॉक्टरांचा सल्ला किंवा उपचार लागतो. म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा तारखेसह रिपोर्ट आणि पहिलं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. केसपेपरवर अंदाज लिहिला गेला असेल तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून नोंद दुरुस्त करून मागा. खरी तारीख बदलून मागायची नाही. अंदाजाच्या जागी खरी तारीख लिहून घ्यायची.

इथे मागून एका ताईंनी विचारलंय, "माझे अजून अकरा महिने बाकी आहेत, तोवर ऑपरेशन पुढे ढकलू का?" ताई, हे पॉलिसी बघून ठरवायचं नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. फायब्रॉइड लहान असेल आणि रक्तस्राव गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाने आटोक्यात राहत असेल, तर थांबता येतं, काहींना ऑपरेशन लागतही नाही. पण हिमोग्लोबिन सतत घसरत असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर अकरा महिने काय, अकरा दिवसही वाट बघू नका, आधी तपासणी. आणि दोन गोष्टी आज घरी जाऊन बघा. तुमच्या किंवा यजमानांच्या नोकरीत ग्रुप विमा आहे का? अनेक ग्रुप पॉलिसींत ही प्रतीक्षा माफ केलेली असते. दुसरं, याआधी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी खंड न पडता चालू होती आणि तुम्ही ती पोर्ट करून इथे आणलीत का? तसं असेल तर जुने महिने जुन्या रकमेपुरते वजा होतात. मध्ये खंड पडला असेल तर मात्र घड्याळ पुन्हा शून्यावर.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला हे लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं. जाताना पॉलिसीची पहिली तारीख, पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि विमा रक्कम वाढवल्याची तारीख एका कागदावर लिहून न्या. असे बहुतेक वाद या तीन तारखांवरच सुटतात.