नाव कुठे संपते आणि पत्ता कुठे सुरू होतो?

रमजानपूर्वी शिध्याच्या किटसाठी मोहल्ल्यातील गरजू घरांची यादी तयार होते. चारपाच जण वह्यांमध्ये नावे लिहून आणतात आणि एखादा मुलगा ती एक्सेलमध्ये उतरवतो. आमच्याकडे अशी यादी आली तेव्हा नाव आणि पत्ता सगळे एकाच रकान्यात होते. नमुन्याची एक ओळ अशी:

```
शेख रशीद अब्दुल करीम, 3/12, मशिदीमागे, लातूर 413512
```

अशा यादीत एकाच घराची दोन नावे शेजारी येत नाहीत. एका घरी दोन किट जातात आणि दुसऱ्या घरची बेवा राहून जाते. म्हणून रकाने वेगळे करायचे ठरले. पहिल्यांदा आम्ही प्रत्येक रिकाम्या जागेवर ओळ तोडली आणि सगळाच घोळ झाला. कुठे 'अब्दुल' एका रकान्यात आणि 'करीम' दुसऱ्यात, तर तीन शब्दांच्या नावापुढे घर नंबर नावाच्याच रकान्यात. तोडायचे ते स्वल्पविरामावर, हे तेव्हा कळले.

मूळ यादी ए रकान्यात आहे असे धरू. तिला हात लावायचा नाही. व्हॉट्सअॅपवरून किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात कधीकधी साध्या जागेसारखी दिसणारी, पण संगणकाला वेगळी वाटणारी जागा असते. ती आणि जास्तीच्या जागा काढण्यासाठी बी रकान्यात हे लिहावे:

```
=SUBSTITUTE(TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," ")),", ",",")
```

हे खालपर्यंत ओढून बी रकाना कॉपी करावा आणि त्याच जागी Paste Special मधून Values म्हणून चिकटवावा. नाहीतर पुढच्या पायरीत नावाऐवजी सूत्रच तुटते.

आता तोडण्याआधी स्वल्पविराम मोजावेत. सी रकान्यात:

```
=LEN(B2)-LEN(SUBSTITUTE(B2,",",""))
```

आमच्या नमुन्यात उत्तर 3 यायला हवे. 2 आले तर बहुधा मोहल्ला लिहायचा राहिला आहे, 4 आले तर पत्त्यात एक स्वल्पविराम जास्त आहे. फिल्टर लावून 3 सोडून बाकीच्या ओळी बाहेर काढाव्यात आणि बी रकान्यात हाताने नीट कराव्यात. ही पायरी गाळली तर अशा ओळींत मोहल्ल्याच्या जागी शहर जाऊन बसते, आणि शेकडो ओळींत ते डोळ्यांना दिसत नाही.

मग बी रकान्यातील ओळी निवडून Data मधील Text to Columns उघडावे. पहिल्या पानावर Delimited, दुसऱ्यावर फक्त Comma. तिसरे पान घाईने पुढे ढकलू नये. तिथे घर नंबरचा रकाना निवडून Text करावा, नाहीतर 3/12 हा घर नंबर 3 डिसेंबर ही तारीख होऊन बसतो. नंतर तो रकाना Text केला तरी मूळ नंबर परत येत नाही, तारखेमागचा भलताच आकडा दिसतो. त्याच पानावर Destination मध्ये $D$2 लिहावे, म्हणजे बी रकाना जसाच्या तसा राहतो. डीपासून जीपर्यंतचे चार रकाने मात्र आधी रिकामे हवेत.

नाव डीमध्ये, घर नंबर ईमध्ये, मोहल्ला एफमध्ये आणि शहर-पिनकोड जीमध्ये येतो. पिनकोड नेहमी शेवटी आणि सहा आकडी असतो, म्हणून तो उजवीकडून घ्यावा. कोणी 413 512 असे तोडून लिहिले असले तरी हे सूत्र चालते:

```
=RIGHT(SUBSTITUTE(G2," ",""),6)
```

यात आकड्यांऐवजी अक्षरे दिसली तर त्या ओळीत पिनकोड अपुरा आहे किंवा लिहिलेलाच नाही.

उरले नाव. इथे आम्ही सूत्रावर भरवसा ठेवत नाही. आपल्याकडे एकच माणूस वहीत 'शेख रशीद अब्दुल करीम' असतो आणि कागदपत्रांवर 'रशीद अब्दुल करीम शेख'. 'अब्दुल करीम' हे वडिलांचे एकच नाव, हे संगणकाला माहीत नसते. पहिला शब्द आडनाव मानला तर दुसऱ्या ओळीत रशीद आडनाव होतो, शेवटचा मानला तर पहिल्या ओळीत करीम. म्हणून पूर्ण नाव तसेच ठेवून शेजारी आडनावाचा रकाना माणसाने भरावा. दोनशे नावे दोघांनी मिळून केली तर एका बैठकीत होतात.

शेवटी यादी आधी मोहल्ल्याप्रमाणे आणि मग घर नंबरप्रमाणे लावावी. त्यासाठी मोहल्ल्याचे नाव सगळीकडे एकसारखे लिहिलेले हवे. एकाच दाराची दोन नावे आता शेजारी येतात. तरी त्यातले एक लगेच पुसू नये. एका दारामागे दोन चुली असू शकतात. सासू आणि विधवा सून वेगळ्या राहत असतील. यादी फक्त कुठे विचारायचे ते दाखवते. विचारायला मात्र आपल्यालाच त्या दारापर्यंत जावे लागते.