कमोडचे माप : भिंत ते भोक

कमोड एस-ट्रॅपचा घ्यायचा की पी-ट्रॅपचा, हे मैल्याचा पाइप कुठून बाहेर येतो यावर ठरते. पाइपचे तोंड जमिनीत असेल तर एस-ट्रॅप, मागच्या भिंतीत असेल तर पी-ट्रॅप. दोन्हींत वास अडवणारे पाणी साठतेच. फरक फक्त निचऱ्याच्या दिशेचा आहे.

एस-ट्रॅपसाठी मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर मोजतात, कडेपर्यंतचे नव्हे. बाजारात १००, २२५ आणि ३०० मिलिमीटर, म्हणजे साधारण चार, नऊ आणि बारा इंच अंतराचे कमोड सहज मिळतात. खरी चूक होते ती भिंत कोणती धरायची यात. माप टाइल्स बसवलेल्या भिंतीपासूनच धरावे लागते. समजा, उघड्या विटांपासून भोकाचा मध्य २५५ मिलिमीटरवर आहे आणि प्लास्टर व टाइल मिळून ३० मिलिमीटर जाडी चढणार आहे. मग उरतात २२५, आणि नऊ इंची कमोड नेमका बसतो. तीच जाडी ४५ झाली तर उरतात २१०. कमोडची पाठ भिंतीला टेकते, पण त्याचे तोंड भोकावर येत नाही. उलट अंतर थोडे जास्त असेल, तर मागे फट राहते एवढेच. म्हणून शंका असल्यास टाइल्स लागेपर्यंत खरेदी थांबवणेच शहाणपणाचे.

पी-ट्रॅपमध्ये पाइपच्या मध्याची तयार फरशीपासूनची उंची मोजतात. ती बहुधा १८० मिलिमीटरच्या आसपास असते, तरी निवडलेल्या कमोडच्या नकाशाशी ताडून पाहावी.