प्युरिफायरवरचा आकडा: काय सांगतो आणि काय लपवतो?

चेन्नईजवळच्या तांबरममध्ये नोकरीनिमित्त नव्याने राहायला गेलात, तर स्वयंपाकघरात पहिल्यांदा भिंतीवर चढतो तो वॉटर प्युरिफायर. इथल्या अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे, टँकरचे आणि पालिकेचे पाणी खालच्या टाकीत एकत्र होते आणि तिथून गच्चीवर चढते. त्यामुळे आज नळाला आलेले पाणी कालच्यासारखेच असेल, याची खात्री नसते. मग आपण प्युरिफायरच्या पॅनेलवर ‘TDS 140’ असा आकडा पाहतो आणि निश्चिंत होतो. त्या आकड्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा.

आकडा क्षारांचा

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल, तर २००० पर्यंत चालवून घेतले जातात.

समजा, तुमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस १४०० आहे आणि प्युरिफायरमधून आलेल्या पाण्याचा १४०. म्हणजे आरओच्या पडद्याने शंभरातले नव्वद भाग क्षार अडवले. सहा महिन्यांनी पॅनेलवर २८० दिसले, तर लगेच पडदा बदलायला सांगू नका. आधी नळाचे पाणी मोजा. हातात धरायचा छोटा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. उन्हाळ्यात बोअरचे पाणी खारट होऊन नळालाच २८०० आले असेल, तर पडदा अजूनही नव्वद भाग अडवतो आहे. नळाला १४०० च असेल आणि पॅनेलवर २८० दिसत असेल, तर मात्र तो ऐंशीवर घसरला आहे. तेव्हा तंत्रज्ञाला बोलवा. चव येण्यासाठी थोडे क्षार मिसळणारा स्क्रू कुणी फिरवला आहे का, हेही त्याला आधी तपासायला लावा.

‘फिल्टर बदला’ हा दिवा बहुतेक मशीनमध्ये दिवस किंवा लिटर मोजून लागतो. फिल्टर किती गाळाने भरला, हे त्याला कळत नाही. टँकरचे गढूळ पाणी आले, तर बाहेरचा पहिला फिल्टर दिवा लागायच्या आधीच तपकिरी होतो आणि पाण्याची धार बारीक होते. ही खूण दिव्यापेक्षा जास्त भरवशाची.

जंतू आकड्यात दिसत नाहीत

डिसेंबर २०२४ मध्ये तांबरम महापालिकेच्या हद्दीतल्या पल्लावरम भागात अनेकांना उलट्या-जुलाब झाले, काही जण दगावले. पाणी दूषित असल्याची तक्रार रहिवाशांनी केली, अधिकाऱ्यांनी ती मान्य केली नाही. वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट लक्षात घ्या. सांडपाणी मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस ३०० असू शकतो, कारण टीडीएस मीटर जंतू मोजतच नाही. जंतूंसाठी सोसायटीच्या टाकीतल्या पाण्याची प्रयोगशाळेत वेगळी तपासणी करून घ्यावी लागते.

घरातही एक फट राहते. मशीनमधला कार्बन फिल्टर पाण्यातले क्लोरीन काढून टाकतो. म्हणून मशीनच्या सात-आठ लिटरच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार उरत नाही. दिवाळीला दोन आठवडे गावी जाऊन आलात, तर टाकीतले पाणी आधी ओतून द्या, ती पुन्हा भरू द्या, तेही ओता आणि मग प्या. तोटीचे टोक आठवड्यातून एकदा स्वच्छ कापडाने पुसा. खरकटा हात तिथेच लागतो.

भिंतीवर कुठे?

मशीन आणि भरलेली टाकी मिळून पंधरा किलोंच्या आसपास वजन होते. म्हणून स्क्रू वीट किंवा काँक्रीटमध्येच बसवा, जिप्समच्या पातळ भिंतीत नाही. शेगडीच्या वर नको. तोटी आणि ओटा यांच्यामध्ये तुमची उंच कळशी सहज मावेल एवढी जागा ठेवा, पण पॅनेल घरातल्या सर्वात बुटक्या माणसालाही वाचता यायला हवे.

वाया जाणारे पाणी

एक लिटर गोड पाण्यामागे दोन लिटर नाल्यात जात असेल, तर आपल्या उदाहरणात त्या पाण्याचा टीडीएस साधारण २०३० निघतो, कारण अडवलेले सगळे क्षार त्यातच उतरतात. ते बादलीत धरा. फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते उत्तम, पण कुंडीतल्या तुळशीला घालू नका. क्षार मातीत साचतात आणि पानांच्या कडा करपू लागतात.

आजच एका कागदावर तारीख घालून दोन आकडे लिहा: नळाचा आणि प्युरिफायरचा. कागद मशीनच्या बाजूला चिकटवा आणि दर महिन्याला त्याखाली नवे दोन आकडे लिहीत जा. तंत्रज्ञ पडदा बदलायला सांगेल, तेव्हा आधी हा कागद त्याच्यापुढे धरा.