रिलीज हवी असेल, तर तारीख मागा

आयटीत काम करणाऱ्या मुलामुलींची एक नेहमीची तक्रार असते: प्रोजेक्टमधून रिलीज मिळत नाही. नोकरी सोडायची नसते, कंपनीही बरी असते. फक्त रोजचं काम आपल्याला जिकडे जायचंय त्या दिशेचं नसतं. मग मॅनेजरला लांबलचक मेल जातो की इथे शिकण्यासारखं काही उरलं नाही. उत्तर येतं, 'बघू या.' ते बघणं पुढे वर्षभर चालतं.

याला मॅनेजरचा खडूसपणा क्वचितच कारणीभूत असतो. सेवा पुरवणाऱ्या कंपनीत बहुतेक वेळा माणशी बिल लागतं. तुम्ही गेलात आणि बदली माणूस आला नाही, तर त्या जागेचं बिल थांबतं आणि ग्राहकाला तोंड मॅनेजरलाच द्यावं लागतं. तुमच्या मेलमध्ये त्याच्या या अडचणीवर काहीच नसेल, तर 'बघू या' हे त्याच्यासाठी सर्वांत सोयीचं उत्तर ठरतं.

समजा, पुण्यातली एक मुलगी एका विमा कंपनीच्या सपोर्ट प्रोजेक्टवर सव्वादोन वर्षं आहे. तिकिटं सोडवायची, रात्री अडकलेले जॉब पुन्हा चालू करायचे, हे तिचं काम. तिला डेटा इंजिनिअरिंगकडे वळायचंय. तिने आधी कंपनीचं धोरण वाचावं. एका प्रोजेक्टवर ठरावीक काळ, बऱ्याच ठिकाणी दीड-दोन वर्षं, काढल्याशिवाय अंतर्गत जागांसाठी अर्जच करता येत नाही. ती अट तिने पूर्ण केलेली असेल, तर अर्जाआधी मॅनेजरशी बोलून घ्यावं. त्याला ही बातमी पोर्टलच्या आपोआप येणाऱ्या मेलमधून कळली, तर तिथेच मन कलुषित होतं.

बोलून झालं की लेखी विनंती. त्यात नाराजीचा सूर नको, सपोर्टला नावं ठेवणं तर मुळीच नको; तो मेल वाचणाऱ्याचं पोट त्याच कामावर असतं. रोज सकाळी दोन तास हाताने जुळवला जाणारा रिपोर्ट तिने पायथनची स्क्रिप्ट लिहून दहा मिनिटांवर आणला असेल, तर ते जरूर लिहावं. नव्या टीमला 'आवड आहे' यापेक्षा अशी एक केलेली गोष्ट जास्त पटते. आणि मुख्य म्हणजे तारीख: 'पंधरा फेब्रुवारीला रिलीज मिळावी. बदली माणूस जानेवारीच्या सुरुवातीला आला, तर तीन आठवडे तो माझ्या शेजारी बसून काम पाहील. पुढचे तीन आठवडे काम तो करेल, मी पाहीन.' विनंती डिसेंबरच्या सुरुवातीला गेली, तर हे गणित जमू शकतं. मॅनेजर तारखेवर घासाघीस करेल, एक मार्चही म्हणेल. म्हणू दे. घासाघीस सुरू झाली म्हणजे रिलीज द्यायची की नाही हा प्रश्न मागे पडला.

होकार खरा की तोंडदेखला, हे ओळखायची खूण एकच. बदली माणसाची मागणी सिस्टीममध्ये टाकली का, हे विचारायचं. टाकली असेल तर तिचा नंबर असतो. दोन आठवड्यांनीही नंबर नसेल, तर रिलीजची तारीख नुसती बोलण्यातली आहे. मग तोच मेल धागा पुढे नेत मॅनेजरच्या वरिष्ठाला आणि एचआरला त्यात घ्यावं, चढ्या आवाजाशिवाय.

उलटी चूकही होते. उत्साहाच्या भरात आधी रिलीज घेतली जाते आणि नव्या प्रोजेक्टची जागा अजून पक्की नसते. मग नशिबी बेंच. टीसीएसने जून 2025मध्ये वर्षाला किमान 225 दिवस बिल होणारं काम आणि जास्तीत जास्त 35 दिवस बेंच असा नियम आणला, तेव्हापासून बेंच म्हणजे चार दिवस विश्रांती, असं तिथे तरी कुणी म्हणणार नाही. म्हणून आपलं नाव नव्या प्रोजेक्टवर सिस्टीममध्ये चढल्याशिवाय जुन्या जागेवरून उठू नये.

फेब्रुवारीत जाण्यात आणखी एक मेख आहे. मूल्यमापनाचं वर्ष एप्रिल ते मार्च असेल, तर रेटिंग देताना नवा मॅनेजर म्हणतो, मी हिला दीड महिनाच ओळखतो. जुन्याला आता तिच्यासाठी भांडायचं कारण उरत नाही. निघण्याआधी जुन्या मॅनेजरकडून वर्षभराच्या कामाचा शेरा सिस्टीममध्ये लिहून घ्यावा. एवढं करूनही त्या वर्षी रेटिंग एखादी पायरी खाली येऊ शकतं. पगारही नुसती टीम बदलल्याने सहसा वाढत नाही. हे धरूनच निघावं.

राजीनाम्याची धमकी देऊन रिलीज मिळवणारेही असतात. मिळतेही. पण तिकडची जागा हुकली, तर राजीनामा मागे घेऊन त्याच मॅनेजरपुढे बसायचं असतं, आणि तोवर त्याने तुमच्या जागेवर दुसरा माणूस शोधायला घेतलेला असतो.