एक्का-राजा दिसला की हुकूम?

कोटपीसच्या डावात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एक्का-राजा आलाय ना, मग तोच हुकूम बोल!" चांगले मुरलेले खेळाडूही हेच सांगतात, आणि डाव हरला की खापर भिडूच्या डोक्यावर फुटतं.

समजा, पहिल्या पाच पानांत बदामचा एक्का आणि राजा आला, शिवाय किलवरचा गुलाम, सत्ती आणि चव्वी. बहुतेक जण बदाम बोलतील. बोलावं किलवर.

हिशोब साधा आहे. न दिसलेली ४७ पानं उरतात; त्यांतली आठ तुमच्याकडे येणार, तेरा भिडूकडे, बाकीची समोरच्यांकडे. किलवर बोललात तर सरासरीने साडेसात हुकूम तुमच्या जोडीकडे आणि साडेपाच समोर. बदाम बोललात तर जेमतेम सात तुमच्याकडे, सहा समोर. ही सरासरी आहे, हमी नव्हे. उरलेल्या आठांत एकही किलवर न येण्याचे डावही असतात. पण मुद्दा फक्त संख्येचा नाही. बदामचा एक्का-राजा हुकूम नसतानाही बहुधा आपापला हात आणतोच. किलवरची सत्ती-चव्वी मात्र हुकूम असेल तरच काही कमावते. जे पान स्वतःच्या जोरावर हात करतं, त्याला हुकमाचा मान कशाला? (पाचांत दोन-दोन-एक अशी वाटणी असेल, तर वरची पानं बघून बोला.)

आता उतारी. एक्का आणि राजा लगेच खेळा, कारण उशीर झाला की समोरचे इतर रंगांच्या हातांवर बदाम फेकून मोकळे होतात आणि मग तुमचा राजा दुर्रीने कापला जातो. भिडूने इथेच वाचायचं असतं: बोलणाऱ्याने हुकूम न ओढता बदाम उतरले, म्हणजे त्याच्या हुकमात वरची पानं नसावीत. भिडूकडे किलवरचा एक्का-राजा-राणी असेल तर हात मिळताच हुकूम ओढून समोरच्यांचे संपवावेत. बारीकसारीकच असतील तर ओढू नयेत, ते कापायला राखावेत. तिसरं बदाम उतरलं आणि भिडूकडे बदाम संपलं असेल, तर बारीक हुकमाने एक जादा हात निघतो. धोका एकच: त्याच्यानंतर खेळणाराही बदाममधून सुटलेला असला, तर तो वरून मारतो.

"भिडूच्या हातावर हुकूम टाकला तर काय बिघडतं?" एक हुकूम फुकट जातो, एवढंच बिघडतं, आणि सात हातांच्या शर्यतीत तेवढं पुरतं. "मेंढीकोट आणि कोटपीस एकच." नाही हो, मेंढीकोटात दश्श्या गोळा करायच्या असतात, इथे हात मोजतात. "कोट म्हणजे तेराही हात." सहसा नाही, ओळीने पहिले सात झाले की कोट. तेराही झाले तर काही ठिकाणी त्याची बावनी धरतात, पण ते पत्ते पिसण्याआधी ठरवून घ्या.

आणि हो, भुवया उडवून भिडूला रंग सांगणं म्हणजे जोडीचं नियोजन नव्हे, ती लबाडी आहे.