मनोगत आणि अंतर्गत: विसर्गाच्या मागे दडलेले अक्षर

'मनः' आणि 'गत' जोडले की 'मनोगत' होते. 'अंतः' आणि 'गत' जोडले की मात्र 'अंतर्गत'. दोन्हीकडे विसर्गाच्या मागे 'अ' आहे आणि पुढे तोच 'ग' आहे. मग एका ठिकाणी 'ओ' आणि दुसऱ्या ठिकाणी 'र्' कसा? संस्कृतच्या परीक्षेत विसर्गसंधीचे गुण जातात ते बहुधा याच प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे. विद्यार्थी वीसेक नियम पाठ करतो, पण कोणता नियम आधी लावायचा हे त्याला कुणी सांगितलेले नसते. खरे तर तीन गोष्टी ठरावीक क्रमाने पाहिल्या की व्यंजनापूर्वीचा जवळजवळ प्रत्येक विसर्ग सुटतो. आधी पुढचे व्यंजन पाहायचे, मग मागचा स्वर, आणि शेवटी त्या विसर्गाचे मूळ.

आधी उजवीकडे पाहा

विसर्ग म्हणजे घशातून सुटणारा नुसता श्वास. त्याला जिभेवर किंवा ओठांवर स्वतःची जागा नाही, त्यामुळे पुढचे व्यंजन त्याला आपल्याकडे ओढते. पुढचे व्यंजन कठोर आहे की मृदू, हा पहिला प्रश्न. गळ्यावर बोट ठेवून 'स्स्स' म्हणा, कंप लागत नाही. 'म्म्म' म्हणा, लागतो. कंप नसलेली व्यंजने कठोर. प्रत्येक वर्गातली पहिली दोन (क ख, च छ, ट ठ, त थ, प फ) आणि श, ष, स एवढीच ती आहेत. बाकी सगळी मृदू. येथे 'ह' फसवतो. तो श-ष-स यांच्या रांगेत बसलेला असला, तरी संस्कृतात मृदू धरला जातो. म्हणून 'बालः हसति' याचा संधी 'बालो हसति' असा होतो.

पुढे कठोर व्यंजन असेल तर मागचा स्वर सहसा पाहावा लागत नाही. 'च' उच्चारण्यासाठी जीभ टाळूकडे निघालेली असते, तिथे विसर्गाचा श्वास घासला की 'श्' ऐकू येतो: मनश्चक्षू, निश्चय. 'ट'पूर्वी जीभ मागे वळते आणि 'ष्' मिळतो: धनुष्टंकार. 'त' दातांशी उच्चारला जातो, म्हणून त्याच्यापूर्वी 'स्': मनस्ताप, निस्तेज. पुढे श, ष, स असतील तर विसर्ग तसाच ठेवता येतो किंवा पुढचेच अक्षर दुप्पट होते. 'निःशब्द' आणि 'निश्शब्द' ही दोन्ही रूपे बरोबर.

राहिले क, ख, प, फ. 'क' घशाशी आणि 'प' ओठांशी होतो. तिथे घासणाऱ्या श्वासासाठी नेहमीच्या वर्णमालेत अक्षर नाही. जुन्या व्याकरणात त्या उच्चारांना जिह्वामूलीय आणि उपध्मानीय अशी नावे आहेत. पण आपल्या रोजच्या लेखनात तिथे विसर्गच राहतो: अंतःकरण, प्रातःकाल, मनःपूर्वक.

मग 'निष्कारण' आणि 'दुष्काळ' कसे झाले? विसर्गाच्या मागे 'इ' किंवा 'उ' असलेले निः, दुः, बहिः, आविः, चतुः यांसारखे शब्द समासात क-ख-प-फ यांना जोडले गेले, की विसर्गाचा 'ष्' होतो: निष्पाप, बहिष्कार, आविष्कार, चतुष्पाद. 'दुःख' मात्र विसर्गासहच लिहितात. वाक्यातल्या दोन सुट्या पदांना हा नियम लागत नाही. 'हरिः करोति' हे तसेच राहते, 'हरिष्करोति' होत नाही. 'नमस्कार' आणि 'पुरस्कार' यांत 'स्' येतो; असे ठरलेले शब्द थोडेच आहेत, ते लक्षात ठेवावेत.

पुढे मृदू असेल तर डावीकडे वळा

आता मागचा स्वर महत्त्वाचा ठरतो. मागे 'आ' असेल तर विसर्ग नाहीसा होतो: 'बालाः हसन्ति' म्हणजे 'बाला हसन्ति'. मागे अ-आ सोडून दुसरा स्वर असेल तर विसर्गाचा 'र्' होतो: निर्धन, दुर्जन, हरिर्गच्छति, गुरोर्वचनम्.

पण पुढचे व्यंजनच 'र' असले तर दोन 'र' शेजारी येतात, आणि संस्कृत ते चालवून घेत नाही. पहिला 'र्' गळतो आणि त्याची भरपाई म्हणून मागचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो. 'निः' आणि 'रस' मिळून 'नीरस', 'हरिः रम्यः' याचे 'हरी रम्यः'. मराठीत आपण 'निरोगी' असे ऱ्हस्व लिहितो, पण संस्कृतच्या उत्तरपत्रिकेत 'नीरोग' असेच लिहायला हवे. मागचा स्वर आधीच दीर्घ असेल तर फक्त विसर्ग जातो: 'गुरोः रम्यम्' याचे 'गुरो रम्यम्'.

मागे 'अ' असेल तर मूळ शोधा

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. विसर्ग हा शब्दाच्या शेवटी आलेला मुखवटा आहे, आणि त्याच्यामागे दोनपैकी एक अक्षर असते. 'मनः'चे मूळ 'मनस्', तर 'अंतः'चे मूळ 'अंतर्'. पाणिनीने 'अष्टाध्यायी'त हा भेद जपण्यासाठी एक युक्ती केली. 'स्'पासून आलेल्या 'र'ला त्याने 'रु' अशी खूण दिली. मागे 'अ' आणि पुढे मृदू व्यंजन असले की या 'रु'चा 'उ' होतो आणि 'अ' अधिक 'उ' मिळून 'ओ' तयार होतो. मराठी व्याकरणात याला 'विसर्ग-उकार संधी' म्हणतात ते यामुळेच. मनोगत, तपोवन, यशोधन, अधोगती हे सारे शब्द असेच झाले. 'अंतर्'मधला 'र्' जन्मापासून 'र्'च आहे. त्याला ही खूण नाही, म्हणून तो 'उ' होत नाही आणि मृदू व्यंजनापूर्वी आपल्या मूळ रूपात परत येतो: अंतर्गत, पुनर्जन्म.

मूळ ओळखायचे कसे? मराठीतलेच ओळखीचे शब्द साक्ष देतात. मनस्वी, यशस्वी, तेजस्वी, तपस्वी यांत 'स्' उघड दिसतो. अंतरात्मा, पुनरागमन, पुनरपि यांत 'र' दिसतो. शिवाय 'र्' मूळ असलेले शब्द मोजकेच आहेत. परीक्षेपुरते अंतः, पुनः, प्रातः, स्वः आणि पितः, मातः, भ्रातः यांसारखी हाक मारण्याची रूपे ध्यानात असली की पुरे. बाकी 'अः' दिसला की 'स्' समजावा.

हा भेद पुढे 'र' आला तरी टिकतो. 'मनः' आणि 'रथ' मिळून 'मनोरथ', कारण तिथे 'उ' होण्याचा नियम चालतो. 'पुनः रमते' याचे मात्र 'पुना रमते'. मराठीत 'पुनर्रचना' रूढ आहे, पण संस्कृतच्या नियमाने ती 'पुनारचना' होईल.

दोन हट्टी शब्द

'सः' आणि 'एषः' यांचा विसर्ग पुढे कोणतेही व्यंजन आले की जातो, मग ते कठोर असो वा मृदू: स गच्छति, एष करोति. 'सो गच्छति' ही नेहमीची चूक आहे. ही सवलत 'यः' आणि 'कः' यांना नाही. तिथे 'यो गच्छति', 'को वदति' असेच होते. वाक्यातल्या सुट्या पदांचा संधी करणे बोलणाऱ्याच्या इच्छेवर असते, म्हणून पाठ्यपुस्तकात 'सः पठति' दिसले तर ते चूक नव्हे. पण प्रश्नात 'संधी करा' असे सांगितले असेल तर 'स पठति' हेच उत्तर.

निर्णयाचा तक्ता

तक्ता वरून खाली वाचा. जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिथेच थांबा.

| क्रम | काय दिसते? | विसर्गाचे काय होते? | उदाहरण |
|---|---|---|---|
| १ | शब्द 'सः' किंवा 'एषः', पुढे कोणतेही व्यंजन | लोप | स गच्छति |
| २ | पुढे च, छ | श् | मनश्चक्षू |
| ३ | पुढे ट, ठ | ष् | धनुष्टंकार |
| ४ | पुढे त, थ | स् | मनस्ताप |
| ५ | पुढे श, ष, स | तसाच, किंवा पुढचे अक्षर | निःशब्द, निश्शब्द |
| ६ | पुढे क, ख, प, फ | तसाच (समासात निः, दुः इत्यादींचा ष्) | अंतःकरण (निष्कारण) |
| ७ | पुढे मृदू, मागे 'आ' | लोप | बाला हसन्ति |
| ८ | पुढे मृदू, मागे 'अ', मूळ स् | 'अः'चा 'ओ' | मनोगत, मनोरथ |
| ९ | पुढे 'र', मागे 'अ', मूळ र् | लोप, 'अ'चा 'आ' | पुना रमते |
| १० | पुढे इतर मृदू, मागे 'अ', मूळ र् | र् | अंतर्गत |
| ११ | पुढे 'र', मागे इतर स्वर | लोप, ऱ्हस्व असल्यास दीर्घ | नीरस |
| १२ | पुढे इतर मृदू, मागे इतर स्वर | र् | निर्धन |

एक वाक्य सोडवून पाहू

सुटे वाक्य असे आहे: सः वृद्धः जनः प्रातः नद्याः तीरे गुरोः रम्यं गृहं गतः। तो म्हातारा माणूस सकाळी नदीकाठच्या गुरूंच्या रमणीय घरी गेला.

'सः'पुढे 'व' हे व्यंजन आहे, पहिलीच ओळ जुळली: 'स वृद्धः'. 'वृद्धः'पुढे 'ज' मृदू, मागे 'अ', मूळ 'स्'. आठवी ओळ: 'वृद्धो जनः'. 'जनः'पुढे 'प' आहे, म्हणून सहाव्या ओळीने विसर्ग तसाच राहतो. 'प्रातः'पुढे 'न' मृदू आणि मागे 'अ' आहे, पण मूळ 'र्'. येथे 'प्रातो' लिहिण्याचा मोह होतो. दहावी ओळ सांगते 'प्रातर्नद्याः'. 'नद्याः'च्या मागे 'आ' पाहून घाईने लोप करू नका. आधी उजवीकडे पाहा, तिथे 'त' आहे: 'नद्यास्तीरे'. 'गुरोः'पुढे 'र' आहे. अकराव्या ओळीने विसर्ग गेला आणि 'ओ' दीर्घच असल्यामुळे आणखी काही बदलले नाही. 'गतः'पुढे काहीच नाही, म्हणून तिथला विसर्ग राहिला.

पूर्ण उत्तर: स वृद्धो जनः प्रातर्नद्यास्तीरे गुरो रम्यं गृहं गतः।

संधी सोडवताना हाच रस्ता उलटा चालायचा असतो, आणि तिथे एक जागा निसरडी आहे. लोप झाला की विसर्गाची खूण उरत नाही. 'बाला हसति' आणि 'बाला हसन्ति' यांत पहिला शब्द दिसायला सारखाच आहे. निर्णय क्रियापद देते. 'हसति' एकवचनी, म्हणून तिथे 'बाला' म्हणजे एक मुलगी आणि विसर्ग मुळात नव्हताच. 'हसन्ति' अनेकवचनी, म्हणून तिथे 'बालाः', म्हणजे हसणारे मुलगे किंवा हसणाऱ्या मुली. अशा वेळी तक्ता पुरत नाही. वाक्य अर्थासह वाचल्यावरच गेलेला विसर्ग परत जागेवर ठेवता येतो.